भिंतीपलीकडचा ढोल

वाचकाची प्रतिक्रिया : «संहिता वाचली. दहा दिवस शिव्या घालणारे काका शेवटच्या प्रसंगात मिरवणुकीत रडतात, हे पटत नाही. बदल आला कुठून? शिवाय रात्री अकराला ढोल वाजवणं नियमात बसतं का?»

नमस्कार,

आधी वेळेबद्दल. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ आहे, त्यामुळे अकराचा ढोल चूकच होता. आता पोरगा आठला वाजवायला बसतो. दहाला ढोल खाली ठेवून तेच टिपरू जुन्या टायरवर चालवतो. घरी सराव करणारी पोरं असंच करतात. हात बसतो आणि गल्ली झोपते.

काकांच्या बदलाबद्दलही तुमचं खरं आहे. मी तो मिरवणुकीवर ढकलला होता, पण त्याची जागा भिंतीत होती. नागपूरच्या महाल भागातली दोन जुनी घरं, मधे एकच भिंत. असल्या भिंतीतून खोल आवाज सहज पार होतो, कडक आणि बारीक आवाज मात्र अडतो. म्हणजे पोराला अख्खा ताल ऐकू येतो आणि काकांच्या खोलीत नुसता दणका पोचतो. संहितेत मी दोन्ही खोल्यांचा आवाज एकसारखा लिहिला होता. काका का वैतागतात, तेच त्यामुळे दिसत नव्हतं.

आता तालच बदलला आहे. आठ मात्रांचं आवर्तन, सातवी मात्रा रिकामी. पोरगा घाईत रोज सातवीवर मारतो. पहिल्या रात्री काका भिंतीवर काठी आपटतात, तो प्रसंग तसाच राहील. चौथ्या रात्री ते जेवताहेत, सातवीवर पुन्हा दणका येतो आणि त्यांचा घास हातातच थांबतो. कॅमेरा फक्त हातावर, संवाद नाही. शांतता मागणाऱ्या माणसाला तालातली हरवलेली शांतता आधी कळते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

विसर्जनाच्या आदल्या रात्री पोरगा चुकतो, पुन्हा चुकतो, दहा वाजतात. तो ढोल उतरवतो. तेवढ्यात भिंतीवर काठी वाजते. तो दचकतो, त्याला वाटतं पुन्हा शिव्या. पण काठी सहा ठोके देते, एक जागा मोकळी सोडते आणि मग आठवा. मागून काकांचा आवाज :

"काहून बे, तिथं थांबत काहून नाही तू?"

पोरगा टायर पुढे ओढतो. काठी पुन्हा सहा ठोके देते. या वेळी सातवीला टिपरू हवेतच राहतं, आणि आठवा ठोका दोन्हीकडून एकदम पडतो.

मिरवणूक मी काढून टाकली आहे. नवी संहिता रविवारी टाकते. चौथ्या रात्रीचा घास तुम्हाला पुरेसा वाटतो का, तेवढं मात्र नक्की कळवा.