सात नंबर कोण?

वक्तृत्व स्पर्धेत वक्त्यानं जगातलं सगळं बोलावं, फक्त स्वतःचं नाव बोलू नये, असा नियम असतो. शाळेचं तर नाहीच नाही. परीक्षकांपैकी एखादे गुरुजी पूर्वी त्याच शाळेत होते, एखाद्यांची भाची तिथंच शिकते. म्हणून पोरांनी चिठ्ठी उचलायची आणि चिठ्ठीवरच्या क्रमांकानंच बोलायला उठायचं. नियम चांगलाच आहे. त्याचा त्रास फक्त एका माणसाला होतो, मागाहून रेकॉर्डिंगला नावं देणाऱ्याला.

गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, २० डिसेंबरला, आमच्याकडे तालुक्यातल्या शाळांची स्पर्धा असते. ती आटोपली, आणि मुख्याध्यापकांनी मेमरी कार्ड माझ्या हातात ठेवलं. "सर, तुमाले कम्प्युटर येते. कोन बोललं, कोन्या शाळेचं, विषय कोनता, फेरी कोनती, येवढं लिवून टाका फक्त."

कार्डावर `MVI_0412.MP4` अशा नावांची रांग होती. प्रत्येकीची तारीख १ जानेवारी. कॅमेऱ्याच्या घड्याळाची बारकी बॅटरी मेली, की मोठी बॅटरी काढताच घड्याळ आरंभाला जातं. फोटोवाल्यानं जेवणाच्या सुट्टीत बॅटरी बदलली होती. म्हणजे सकाळची प्राथमिक फेरी रात्री बारापासून सुरू आणि दुपारची अंतिम फेरीही रात्री बारापासूनच! वेळेनुसार लावल्या तर दोन्ही फेऱ्यांची खिचडी. कॅमेरा वेळ विसरला तरी फायलींचे आकडे चढतेच ठेवतो, म्हणून नावानुसार लावल्यावर फेऱ्या वेगळ्या झाल्या.

मग चिठ्ठ्यांची यादी उघडली. यादीत सात नंबरला एक कुमारी. पडद्यावर निवेदिका म्हणते, "क्रमांक सात," आणि मिसरूड फुटलेला पोट्टा येऊन "आदरणीय व्यासपीठ" म्हणतो. यादीत आठ नंबरला चिरंजीव. पडद्यावर दोन वेण्या.

चुकलं कोण, निवेदिका की यादी? ते ठरवलं वेळाधिकाऱ्याच्या कागदानं. या माणसाकडे कुणी बघत नाही, पण चौथ्या मिनिटाला एक घंटी, पाचव्याला दोन, आणि प्रत्येक क्रमांकापुढं बोलण्याची नेमकी वेळ, हे तो निष्ठेनं करतो. त्याच्या कागदावर सातपुढं ५ मिनिटं ५२ सेकंद होते. मिसरूडवाला दोन्ही घंट्या पचवून तेवढाच वेळ बोलला होता. आठपुढं ४ मिनिटं ४८ सेकंद, वेण्यावालीशी तंतोतंत. आणि पाचपुढं नुसती रेघ! पाच नंबर गैरहजर होता. यादी 'फेअर' करणाऱ्यानं त्याचं नाव गाळलं, वर उरलेल्यांना पुन्हा ओळीनं आकडे दिले. त्यामुळे पाचपासून पुढं प्रत्येक नाव एक घर वर सरकलेलं.

पण हा अंदाज पक्का कसा करावा? संपूर्ण कार्यक्रमात नाव मोठ्यानं घेतलं जातं ते एकदाच, बक्षीस वाटताना. तो भाग लावला. "द्वितीय, प्राथमिक फेरीतील क्रमांक आठ, कुमारी अमुक." तीच, जी यादीत सातवर बसली होती. सरकलेली यादी पकडली गेली.

शाळेचं नाव निघालं 'जि. प. उच्च प्राथमिक शाळा, पिंपरी'. आता पिंपरी म्हटली की कोणती, हा प्रश्न आमच्या भागात बसच्या कंडक्टरलाही पडतो. म्हणून नावाशेजारी शाळेचा अकरा आकडी यू-डायस क्रमांक टाकला. तो दोन पिंपऱ्यांचा एक नसतो. अंतिम फेरीत नव्यानं चिठ्ठ्या निघाल्या होत्या आणि हीच मुलगी तिथं तीन नंबर होती, म्हणून फाइलच्या नावात आधी फेरी, मग क्रमांक, तोही दोन आकडी. नाहीतर कम्प्युटर कधीकधी एकनंतर थेट दहा लावतो.

```
2-अंतिम_03_स्वच्छता_पिंपरी.mp4
```

वक्ता, विषय, शाळा हे फाइलच्या आतही भरलं. समाधानानं पालकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकलं. तिकडं उतरली `VID-20250103-WA0007.mp4` म्हणून! आतलं लिहिलेलंही पुसलं गेलेलं. लगेच एका वडिलांचा फोन, "सर, यातलं माह्या पोरीचं भाषन कोनतं?"

मग ज्याला पुसता येत नाही असा एकच उपाय उरला. चित्रावरच पहिली पाच सेकंद पट्टी: नाव, शाळा, विषय, फेरी. निकाल लागल्यानंतरच, अर्थात. पुन्हा पाठवली. पुन्हा तोच फोन.

"दिसलं सर नाव, झकास. त्याच्या खाली तिच्या मामाचं बी टाकता का? भाषन त्यानंच लिवून देल्लं."

तक्त्यात तसा रकाना नव्हता. आता केला आहे, आणि गटात तो जाहीर केल्यापासून आईवडिलांपेक्षा मामांचेच फोन जास्त येतात.