फोन लॉकरमध्ये असला तरी चालतं: अलर्टबद्दल फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

«नोकरी करणाऱ्यांनी शेअर्सच्या नादी लागू नये. सव्वानऊ ते साडेतीन स्क्रीनसमोर बसायची तयारी असेल तरच या. अलर्ट लावून काही होत नाही: वाजेपर्यंत भाव निघून गेलेला असतो, निम्मे अलर्ट खोटे वाजतात, आणि स्टॉपलॉससाठी तर डोळा लागतोच. जो स्क्रीनवर बसतो तोच कमावतो.»

कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या तिन्ही एमआयडीसींतल्या लोकांच्या ग्रुपवर हा मेसेज पुन्हा पुन्हा येतो. माझा मावसभाऊ शिरोलीच्या एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात आहे. सकाळी आठ ते साडेचार शिफ्ट, शॉप फ्लोअरवर फोन न्यायला बंदी, म्हणजे बाजार उघडतो आणि बंद होतो तेव्हा फोन लॉकरमध्येच. मेसेज वाचून त्यानं विचारलं, "दादा, मग आमच्यासारख्यानं बंदच करायचं काय?" त्याचाच व्यवहार समोर ठेवून एकेक मुद्दा घेतो. तो डिलिव्हरीत घेतो आणि काही आठवडे ठेवतो. पुढचं सगळं त्याच पद्धतीपुरतं आहे.

आधी भाव निघून जाण्याची गोष्ट. ज्या भावाला खरेदी करायची त्याच भावाला अलर्ट लावला, तर तो उशिराच वाजणार. म्हणून अलर्ट लावायचा तो पातळीच्या अलीकडे, आणि निर्णय घ्यायचा दिवसाच्या बंद भावावर. समजा एक शेअर ५२६ ला आहे. दैनंदिन चार्टवर तो गेल्या काही महिन्यांत तीनदा ५४० पर्यंत जाऊन परत फिरलाय, आणि अलीकडचा तळ ५२० च्या जवळ आहे. इथं तीन अलर्ट पुरतात. पहिला ५३३ ला. तो वाजला म्हणजे खरेदी करायची नाही, त्या रात्री घरी बसून अभ्यास करायचा: निकालाची तारीख जवळ आहे का, पूर्ण बाजार कुठे चाललाय, किती शेअर्स परवडतील. दुसरा ५४० च्या वर दिवस बंद झाला तर वाजणारा. तिसरा ५१८ च्या खाली, म्हणजे कल्पनाच मोडली, हा शेअर यादीतून काढायचा.

दुसरा अलर्ट साडेतीनला वाजतो. भावाची शिफ्ट सुटते साडेचारला. बाजार तेव्हा बंद असतो, त्यामुळे तासाभरानं फोन हातात आला तरी त्याचं काहीच निसटलेलं नसतं. पुढची संधी दुसऱ्या दिवशी सव्वानऊलाच आहे, आणि ती स्क्रीनसमोर बसलेल्यालाही तेव्हाच आहे. अलर्ट तपासण्याचं काम सर्व्हरवर चालतं, फोन बंद असला तरी. फोनवर फक्त निरोप येतो.

अलर्टसोबत मजकूर लिहायची सोय असते, आणि बहुतेक जण ती रिकामी सोडतात. साडेचारला थकलेल्या माणसाला नुसतं "५४० ओलांडलं" दिसलं की डोकं नव्यानं चालवावं लागतं. भावाच्या अलर्टमध्ये असं लिहिलेलं असतं: "५४० वर बंद. उद्यासाठी लिमिट ५४६, ७१ शेअर्स, स्टॉप ५१८. त्याच्या वर उघडला तर पाठलाग नाही." हे आकडे शांत डोक्यानं आदल्या रात्रीच काढलेले असतात. त्याचं भांडवल दोन लाख, एका व्यवहारात जास्तीत जास्त एक टक्का म्हणजे २००० रुपये गमवायची तयारी. ५४६ ला घेऊन ५१८ ला बाहेर पडायचं तर शेअरमागे २८ रुपयांचा धोका. २००० भागिले २८ म्हणजे ७१ शेअर्स, गुंतवणूक साधारण ३८,७६६ रुपये. रात्री आफ्टर मार्केट ऑर्डर टाकून तो झोपतो.

इथं एक बारकावा आहे. सकाळी शेअर ५५५ ला उघडला तर ५४६ ची ऑर्डर लागत नाही, पण ती दिवसभर उभी राहते. दुपारी भाव घसरत ५४६ ला आला की खरेदी होते, आणि ती घसरत्या भावातली खरेदी असते. हे ज्याला नको असेल त्यानं दहाच्या चहाच्या सुट्टीत एकदा बघून ऑर्डर रद्द करावी. भाऊ ती तशीच ठेवतो, कारण त्याचा हिशेब मुळात ५४६ धरूनच मांडलेला आहे.

खोट्या अलर्टचं कारण जवळपास नेहमी एकच असतं: अलर्ट भावाच्या स्पर्शावर लावलेला असतो. ५४० ला विक्रेते बसलेत म्हणूनच ती पातळी झाली आहे. मग भाव तिथं ५३९.५०, ५४०.२०, ५३९.८० असा खेळत राहणार आणि प्रत्येक वेळी फोन वाजणार. दिवसात वर जाऊन ५३६ ला बंद झाला, तर पातळी तुटलीच नाही. चार्टिंगच्या ॲपमध्ये अलर्ट कधी वाजावा हे निवडता येतं. ट्रेडिंगव्ह्यूवर तिथं "Once Per Bar Close" असा पर्याय आहे. दैनंदिन चार्ट उघडून तो निवडला की कॅंडल पूर्ण झाल्यावरच निरोप येतो. चार्ट चुकून पाच मिनिटांचा राहिला तर दर पाच मिनिटांच्या बंदवर तपासणी होते आणि पुन्हा तोच गोंगाट. म्हणून लावताना वरचा कालावधी एकदा वाचायचा. ५३३ चा सूचनेचा अलर्ट मात्र स्पर्शावरच ठेवावा, फक्त एकदाच वाजणारा.

ब्रोकरच्या ॲपमधल्या साध्या अलर्टमध्ये बऱ्याचदा बंद भावाची सोय नसते. मग ५४० चा साधा अलर्ट लावा आणि संध्याकाळी बंद भाव स्वतः बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता स्टॉपलॉस. मेसेजमधला हा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण अर्धा खरा आहे. अलर्ट हा स्टॉपलॉस होऊच शकत नाही. ५१८ ला फोन वाजला आणि तो लॉकरमध्ये असला तर विक्री कोण करणार? पण त्यावर उपाय डोळा लावून बसणं हा नाही. विक्रीची ऑर्डर ब्रोकरकडे आधीच लावून ठेवणं हा आहे. तिला जीटीटी म्हणतात: ठरलेला भाव आला की ऑर्डर आपोआप एक्सचेंजला जाते. साधी स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, जीटीटी दिवसेंदिवस टिकते, अनेक ब्रोकरांकडे वर्षभर.

ती लावताना दोन आकडे द्यावे लागतात, ट्रिगर आणि लिमिट, आणि खरी गडबड इथंच होते. समजा भावानं दोन्ही ५१८ दिले. रात्री वाईट बातमी आली आणि शेअर सकाळी ५०७ ला उघडला. ट्रिगर लागला, ऑर्डर गेली, पण तिच्यात लिहिलंय "५१८ च्या खाली विकू नका". घेणारा ५०७ चा आहे, त्यामुळे ऑर्डर पडून राहते, संध्याकाळी रद्द होते, आणि जीटीटी एकदा लागून गेल्यामुळे दुसऱ्या दिवशी तीही नसते. माणूस समजतो आपला स्टॉप आहे, आणि तो नसतो. म्हणून ट्रिगर ५१८ ठेवून लिमिट बरंच खाली, ५०० ला द्यावं. लिमिट ५०० म्हणजे शेअर ५०० ला विकला जातो असं नाही. त्या क्षणी घेणारे ५०७ देत असतील तर ५०७ च्या आसपासच विकला जातो. तोटा मग ३९ गुणिले ७१, म्हणजे २,७६९ रुपये. ठरवलेल्या २००० पेक्षा जास्त आहे, हे मान्य. पण तशा दिवशी स्क्रीनसमोर बसलेल्यालाही ५१८ मिळालेला नसतो.

याच ठिकाणी अलर्ट पुन्हा कामाला येतो, ऑर्डरवरचा पहारेकरी म्हणून. भाऊ ४९८ ला एक अलर्ट ठेवतो. तो वाजला याचा अर्थ भाव लिमिटच्याही खाली गेलाय आणि शेअर्स बहुधा अजून खात्यात आहेत. एकच्या जेवणाच्या सुट्टीत फोन उघडल्यावर हा निरोप दिसला, तर आधी ऑर्डर बुक उघडून बघायचं, बाकी सगळं नंतर.

आणखी एक अडचण पुष्कळांना ऐनवेळी कळते. डिमॅटमधले शेअर्स विकायला मंजुरी लागते. ज्यांनी ब्रोकरला डीडीपीआय, म्हणजे अशा विक्रीसाठीचं एकदाच द्यायचं संमतीपत्र, दिलेलं नाही त्यांना दर वेळी टीपिन आणि ओटीपी टाकून ती द्यावी लागते. ती दिलेली नसेल तर जीटीटी लागूनही विक्री फेटाळली जाऊ शकते. फोन दिवसभर लॉकरमध्ये ठेवणाऱ्यानं डीडीपीआयचं काम आधी उरकावं, मग जीटीटीवर भिस्त ठेवावी. आणि खरेदी झाल्या दिवशी जीटीटी लावेपर्यंत स्टॉप नसतोच. बाजार उघडतानाच खरेदी झाली तर भाऊ तो दहाच्या चहाला लावतो, त्यामुळे पाऊण तासाचा धोका उरतो. तो शून्य करता येत नाही.

"जो स्क्रीनवर बसतो तोच कमावतो" याला बाजार नियामक सेबीचेच आकडे उत्तर देतात. जुलै २०२४ च्या अभ्यासात, २०२२-२३ मध्ये शेअर्समध्ये इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याचे व्यवहार, करणाऱ्या व्यक्तींपैकी दर १० पैकी ७ जण तोट्यात होते. वर्षाला ५०० पेक्षा जास्त व्यवहार करणाऱ्यांत तर तोट्यातले ८० टक्के. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या अभ्यासानुसार फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तीन वर्षांत ९३ टक्के लोकांनी पैसे गमावले. यावरून अलर्ट लावणारा कमावतो असं सिद्ध होत नाही, तसा दावाही मी करत नाही. पण सतत बघत राहणारा सतत काहीतरी करत राहतो, आणि जास्त व्यवहारानं निकाल सुधारताना दिसत नाही.

मेसेज एका बाबतीत बरोबर आहे. इंट्राडे आणि एक्सपायरीच्या दिवसाचे ऑप्शन्स अलर्टवर होत नाहीत. तिथं मिनिटांचा खेळ असतो आणि अलर्ट वाजेपर्यंत भाव खरोखर निघून जातो. शिफ्टमध्ये असणाऱ्यानं तिकडे जाऊच नये, कितीही चांगलं ॲप असलं तरी.

अलर्ट बिनचूक चालवायचे तर आठवड्यातून एकदा त्यांची झाडाझडती घ्यावी लागते. भाऊ ती रविवारी सकाळी घेतो. बऱ्याच मोफत अलर्टना मुदत असते, ती संपली की ते न सांगता बंद पडतात, म्हणून तारखा बघायच्या. कंपनीनं एकास एक बोनस दिला की भाव निम्म्यावर येतो: ५१८ चा अलर्ट खोटा वाजतो, ५४० चा कधीच वाजणार नाही, जीटीटीही नव्यानं लावावी लागते. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी ॲप झोपवतो आणि निरोप तासभर उशिरा येतात, म्हणून त्या ॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये सूट द्यायची. हे सगळं नीट आहे का ते कळायला सोमवारी दहाच्या चहाला चालू भावापासून दहा-वीस पैशांवर लावलेला एक चाचणीचा अलर्ट पुरतो. जेवणाच्या सुट्टीत तो आलेला दिसला, आणि त्यावरची वेळ बरोबर असली, की पुढचा आठवडा त्या फोनवर सोडता येतो.