साडेचार, पण कुणाचे?

आमची कंपनी फोंड्यातली. गेस्टहाऊसच्या खोल्यांचं बुकिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. 2025च्या ऑक्टोबरात त्याची नवी आवृत्ती यायची होती आणि ग्राहकांना वेबिनारचं आमंत्रण लिहायचं काम माझ्याकडे आलं. कारण ऑफिसातल्या सत्यनारायणाची पत्रिका मागच्या वर्षी मीच लिहिली होती.

सरांना दुपारचे तीन हवे होते. गोव्यात तीन वाजता! जेवणानंतर दुकानाचं शटर ओढून आडवा झालेला माणूस खोल्यांच्या दरपत्रकासाठी उठणार होय? शेवटी मंगळवार, 28 ऑक्टोबर, संध्याकाळी साडेचार असं ठरलं.

कार्यक्रमपत्रिकेत सरांनी पहिलं कलम घातलं दीपप्रज्वलन. मग प्रास्ताविक, मग वाटचाल, मग सरांचं मनोगत. पंचेचाळीस मिनिटांत सॉफ्टवेअरला उरत होती दहा. मी म्हटलं, सर, ग्राहकाला एवढंच बघायचं असतं, की एकच खोली दोघांना विकली जाते की नाही. बरीच ओढाताण होऊन पाच मिनिटं ओळख, पंचवीस मिनिटं खरं बुकिंग करून दाखवणं आणि पंधरा मिनिटं प्रश्न, असं जमलं. बदल्यात समई सरांच्या मागे, कॅमेऱ्यात दिसेल अशी ठेवायची. नोंदणीच्या फॉर्ममध्ये अकरा रकाने होते, ते मी दोनवर आणले: नाव आणि ईमेल. जन्मतारीख कशाला हवी होती, ते सरांनाही सांगता आलं नाही.

राहिल्या वेळा. आमचे काही ग्राहक दुबईत, काही न्यूयॉर्कला आणि एक मूळचे डिचोलीचे गृहस्थ लिस्बनला गेस्टहाऊस चालवतात. ‘साडेचार IST’ एवढं लिहून भागत नाही, कारण आयर्लंडवाल्यांच्या उन्हाळी वेळेचं आणि इस्रायलच्या वेळेचं लघुरूपही तेच. म्हणून प्रत्येक शहराची वेळ वेगळी द्यायची ठरवली. 14 तारखेला, बाहेर पोरं नरकासुराच्या सांगाड्याला कागद चिकटवत होती तेव्हा, मी मोबाइलवर लिस्बनचं घड्याळ बघितलं. आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. लिहिलं: लिस्बन, दुपारी 12. दुबई 3, न्यूयॉर्क सकाळी 7.

सोबत कॅलेंडरची फाइलही जोडली. ती आधी फोन लिस्बनच्या वेळेवर लावून उघडून बघितली, हे माझं नशीब. तिथेही साडेचारच दिसले! आत ही ओळ होती:

```
DTSTART:20251028T163000
```

हे साडेचार कुठले ते फाइलला सांगितलेलंच नव्हतं, म्हणून ती जिथे उघडाल तिथले साडेचार दाखवत होती. जागतिक वेळ घालून शेवटी Z लावला, की प्रत्येक फोन आपापला हिशेब करतो:

```
DTSTART:20251028T110000Z
```

एवढी मोठी चूक धरल्यावर माणूस फुगतोच. मी चहा मागवला आणि पत्र धाडून दिलं.

आता गंमत अशी, की युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात. म्हणजे 26 तारखेला, आमच्या वेबिनारच्या दोन दिवस आधी. 14 तारखेचा साडेचार तासांचा फरक 28 तारखेला साडेपाच झालेला. न्यूयॉर्कचे 7 बरोबर निघाले ते माझ्या हुशारीने नव्हे. अमेरिका घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी फिरवते म्हणून. घड्याळ आज काय दाखवतंय ते नव्हे, कार्यक्रमाच्या तारखेला काय दाखवणार ते बघायचं असतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक!

लिस्बनच्या गृहस्थांकडे अशा दोन वेळा पोचल्या. कॅलेंडर म्हणत होतं अकरा, माझं पत्र म्हणत होतं बारा. कॅलेंडर यंत्राने केलेलं, पत्र आपल्या माणसाने लिहिलेलं, म्हणून त्यांनी पत्रावर विश्वास ठेवला.

वेबिनार छान झाला. सव्वापाचला संपला आणि सगळे बटाटवड्यांकडे वळलो. लॅपटॉप बंद करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. साडेपाचला सर तोंडात वडा घेऊन म्हणाले, “लिस्बनवाले आले नाहीत बघ. पत्र गेलं, आठवणीचा निरोप गेला, तरी नाही. आपल्या माणसांना वेळेची किंमतच नाही.”

तेवढ्यात माझा फोन वाजला.

“मी आलोय हो,” पलीकडून आवाज आला. “पाच मिनिटं झाली, रिकामी खुर्ची बघतोय आणि सरांचं ऐकतोय. तुमचं चालू द्या. फक्त समईची वात जरा पुढे सारा, विझायला आलीय.”