ब्रॉडकास्ट लिस्टमधलं एक नाव

मागच्या सणाला मी एक घोळ घातला. सकाळी उठून नेहमीचा मेसेज ब्रॉडकास्टवर टाकला, 'आपणास व आपल्या कुटुंबीयांस आनंदाच्या हार्दिक शुभेच्छा', वर चमचमतं चित्र. तासाभराने ऑफिसमधल्या एका ताईंचं उत्तर आलं. नुसते जोडलेले हात. तेव्हा आठवलं, त्यांचे वडील जाऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते आणि अंत्यदर्शनाला मी स्वतः गेले होते.

ग्रुपवर पडलेला मेसेज सगळ्यांसाठी आहे हे कळतं, माणूस सोडून देतो. ब्रॉडकास्टचा मेसेज मात्र प्रत्येकाच्या वैयक्तिक चॅटमध्ये उतरतो, म्हणजे ताईंना वाटणार की हे मी खास त्यांना लिहिलंय. डिलीट करावं तर 'मेसेज डिलीट केला' ही ओळ मागे उरते, ती आणखी विचित्र. आणि त्यांनी तर वाचलाच होता. म्हणून आता सणाच्या दोन दिवस आधी मी लिस्ट उघडते आणि वर्षभरात ज्यांच्या घरी कुणी गेलंय ती नावं काढते. पाच मिनिटांचं काम.

पण नाव काढून गप्प बसणं हाही उपाय नाही. सणाच्या दिवशी सगळ्यांचे फोन वाजत असतात आणि त्या घरात मात्र शुकशुकाट. 'त्यांना कशाला त्रास' हे बरेचदा आपलाच अवघडलेपणा टाळायचं निमित्त असतं. (माझं तरी होतं.)

ताईंना मी त्याच दुपारी लिहिलं: 'सकाळचा मेसेज न बघता गेला, माफ करा. काकांशिवायचा हा पहिला सण. तुमची आठवण येतेय. उत्तर द्यायची गरज नाही. परवा संध्याकाळी फोन करेन, बोलावंसं वाटलं नाही तर उचलू नका.'

यात 'शुभेच्छा' नाही, 'आनंद' नाही, पण 'काका' आहेत. गेलेल्या माणसाचा उल्लेख टाळला की घरच्यांना वाटतं, लोक विसरले. 'काही लागलं तर सांगा' मुद्दाम टाळलं, कारण मग काय लागतं ते शोधायचं कामही त्यांच्यावरच पडतं. 'सण करताय का?' हा प्रश्न तर नकोच. हो म्हटलं तर अपराधी वाटतं, नाही म्हटलं तर कारण द्यावं लागतं. आणि त्यांनीच आधी शुभेच्छा पाठवल्या तर दचकू नये, साधेपणाने 'तुम्हालाही' म्हणावं. घरात लहान मूल असेल तर त्याला वेगळं हाक मारून बोलावं. त्याचा सण त्याला हवाच असतो, आणि मोठ्यांना त्या दिवशी ते सुचत नाही.

सांगितल्याप्रमाणे दोन दिवसांनी मी फोन केला, ताईंनी उचलला नाही. आठवड्याने त्यांचाच आला. अर्धा तास वडिलांबद्दल बोलल्या, सणाचा विषयही निघाला नाही.