खुलासा: इंकांच्या गाठींमध्ये खरोखरचे आकडे होते

दावा: "इंकांना लिपी नव्हती, त्यामुळे त्यांच्या दोऱ्यांच्या गाठी म्हणजे फक्त आठवणीसाठीची खूण."

हे चूक आहे. दक्षिण अमेरिकेतल्या इंका साम्राज्यातल्या या दोऱ्यांना खिपू म्हणतात आणि त्यांत दशमान पद्धत आहे. 241 लिहायचे तर दोरीवर वरच्या टप्प्यात दोन साध्या गाठी, मधल्या टप्प्यात चार आणि तळाशी इंग्रजी आठसारखी एक गाठ. एककाच्या जागी 2 ते 9 साठी तितके वेढे असलेली लांब गाठ येते. शून्याची जागा मोकळी. काही खिपूंत वरची दोरी खालच्या दोऱ्यांची बेरीज दाखवते, त्यामुळे वाचन पडताळता येते.

पेरूतल्या हौहा खोऱ्यात रस्त्यालगत इंकांची हजाराहून अधिक कोठारे होती. 1533 पासून स्पॅनिशांनी तिथून काय काय नेले, याचा हिशेब स्थानिक सरदारांनी 1561 मध्ये लिमाच्या न्यायालयात खिपूवरूनच सादर केला: मका, लामा ही जनावरे, कापड, अगदी लुटलेला मालसुद्धा. न्यायालयाने तो पुरावा म्हणून नोंदवून घेतला, ही मला सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

मात्र "खिपूत कथा वाचता येतात" हा उलट दावाही आज सिद्ध नाही. दशमान नियमात न बसणारे खिपू आहेत, ते अजून उलगडलेले नाहीत.