तिसऱ्यांदा तेच पत्र!

आमचं पैठणीचं सोशल मीडियावरचं खातं परत बंद. कारण काय, तर "तोतयेगिरी". अहो, पैठणला माग आमचा, साड्या आमच्या, तोतया कोण मग? खात्यावर माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. एवढ्यावरून तिसऱ्यांदा! या वेळी नुसतं आधार पाठवलं आणि नकाराचं छापील उत्तर आलं. आधारवरून मी कोण ते कळतं. खातं माझंच, हे त्यावरून कसं कळणार? हे मला कुणी सांगितलंच नाही.

आता कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात दोन्ही नावं जोडणारा विवाह नोंदणी दाखला लावलाय. शिवाय खातं उघडलेल्या ईमेलवरूनच लिहिलं, जाहिरातीच्या पैशांची पावती आणि मागावरच्या साड्यांचे मूळ फोटो, तारखेसकट, जोडले. आधारचे पहिले आठ अंक झाकले. आधीच्या दोन वेळी खातं तपासून परत दिलं होतं, तेही तारखांसह लिहिलं.

एवढ्यावरही तक्रार अधिकाऱ्यानं नाही म्हटलं, तर उत्तर आल्यापासून तीस दिवसांत gac.gov.in वर सरकारी अपील समितीकडे जाणार. पण लग्नसराई चाललीय हो! गिऱ्हाईक खातं शोधतंय आणि घडी घातलेल्या साड्या घरात पडून आहेत.