नाटकाला गेला नाहीत ना, मग माफीचं नाटक तरी नीट करा

मित्राच्या नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग होता, भरत नाट्यला, रात्री साडेनऊचा, तुमच्या नावाचं पाकीट तिकीट खिडकीवर ठेवलेलं, आत दोन पास, आणि तुम्ही गेला नाहीत, कळवलंही नाहीत. टेन्शन घेऊ नका. एक मेसेज टाकायचाय फक्त.

घाई तर अजिबात नको. आधी त्याने मध्यरात्री मेकअप पुसतानाचा फोटो स्टेटसला टाकलाय तो बघून घ्या, म्हणजे बघणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव त्याला दिसेल आणि तुम्ही जिवंत होतात, फोन चालू होता, नेटही होतं हे परस्पर कळेल. मग दोन दिवस जाऊ द्या.

सुरुवात "सॉरी रे, पण" अशी. एकच कारण दिलं तर चुकून खरं वाटायचं, म्हणून चार द्या: ऑफिसचा कॉल, टिळक रोडचं ट्रॅफिक, पाऊस आणि पोट. कॉल साडेसातला संपला होता आणि तिसरी घंटा व्हायला दोन तास होते असले हिशोब तो काही करत बसणार नाही (करेल, पण बोलणार नाही, मित्र आहे).

मग "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हे हवंच. म्हणजे जे काय झालं ते त्याच्या हळव्या स्वभावामुळे झालं, तुम्ही नुसते घरी बसला होतात. आणि शेवटी हुकमी एक्का टाका, "मी मित्र म्हणायच्या लायकीचाच नाही यार, झोप नाही लागली." आता तो बिचारा, ज्याला दुसऱ्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या विंगेतून रिकाम्या दिसत होत्या, तोच तुमची समजूत काढत बसेल, "अरे सोड रे, चालतं." झालं काम. पार्टीचं आश्वासन द्या, तारीख देऊ नका.

काय पाठवू नये तेही सांगून ठेवतो, कारण काही लोक असलं काहीतरी पाठवून मोकळे होतात:

"अम्या, परवा तुझ्या पहिल्या प्रयोगाला आलो नाही आणि कळवलंही नाही. तू पास ठेवले होतेस. चुकलं माझं, सॉरी. पुढच्या प्रयोगाचं तिकीट काढलंय. रिप्लाय नाही दिलास तरी चालेल."

बघा, काय आहे यात? काय चुकलं ते सरळ लिहिलंय, समोरच्याला वाद घालायला जागाच नाही, उत्तर द्यायची सक्तीही नाही, आणि वर तिकीट स्वतःच्या पैशांनी काढायचं, म्हणजे खरंच जावं लागणार. पाच ओळीत माणूस पूर्ण उघडा. चुकून गेलाच असा मेसेज तर घाबरू नका, व्हॉट्सअॅपवर पंधरा मिनिटं एडिट करता येतं, तेवढ्यात ट्रॅफिक घालून घ्या.